ताप १०३, नाडी ७४: डेंग्यूच्या एका रुग्णाचे प्रकरण आणि बरे होतानाचे आकडे

(रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दिवस मोजताना ताप सुरू झाला तो पहिला दिवस धरला आहे.)

पार्श्वभूमी

रुग्ण ३४ वर्षांचा पुरुष, वजन ६८ किलो. मधुमेह नाही, हृदयाचा कसलाही जुना त्रास नाही आणि कोणतेही औषध रोजचे नाही. मनगटावर वर्षभर स्मार्टवॉच असल्याने एक उपयोगी गोष्ट आयती हाताशी होती: आजारापूर्वी त्याची शांत बसलेली नाडी मिनिटाला साधारण ६४ असे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर आणि पोटऱ्या दुखणे, जेवणावरची वासना गेलेली. सर्दी-खोकला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो फॅमिली डॉक्टरांकडे गेला तेव्हा तोंडात थर्मामीटर ठेवून ताप १०३.२ अंश फॅरनहाइट भरला आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर नाडी ७४ दिसली. डॉक्टरांचा त्या आकड्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजले. ७४ च. लय नियमित, ठोके भरदार. शेवटची पॅरासिटामॉलची गोळी सहा तासांपूर्वीची, म्हणजे गोळीने ताप उतरत असतानाची ही नोंद नव्हती.

अडचण काय होती

ताप चढला की नाडी वाढते. किती वाढते, याचे दोन हिशेब वापरात आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. पहिला हिशेब माणसाच्या स्वतःच्या नाडीवरून सुरू होतो आणि तापाच्या दर एका सेल्सिअस अंशामागे ८ ते १० ठोके धरतो. १०३.२ फॅरनहाइट म्हणजे नेहमीपेक्षा जवळपास २.७ सेल्सिअस जास्त, तेव्हा या रुग्णाची नाडी ८५ ते ९१ च्या आसपास हवी होती. दुसरा हिशेब तक्त्याचा आहे: १०२ ला ११०, १०३ ला १२०, १०४ ला १३०, आणि नाडी याच्या खाली असेल तर ती तापाच्या मानाने मंद. तक्ता सोपा आहे, पण तो सरसकट लावला तर मुळात ज्यांची नाडी कमी असते असे कितीतरी लोक उगाच ‘मंद’ ठरतात. स्वतःची नाडी माहीत असेल तर पहिला हिशेब जास्त भरवशाचा. इथे ७४ हा आकडा दोन्ही हिशेबांत कमीच भरत होता.

याला सापेक्ष मंद नाडी म्हणतात. नाडी ६० च्या खाली गेलेली नसते, पण तापाने ती जितकी वर जायला हवी तितकी गेलेली नसते. असे ठरवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. ताप किमान १०२ हवा आणि नाडी त्याच वेळी मोजलेली हवी. रुग्ण रक्तदाबाची किंवा धडधडीची बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत नसावा. हृदयात पेसमेकर किंवा ठोक्यांच्या वहनाचा अडथळा नसावा. तिन्ही अटी इथे पुऱ्या होत होत्या.

खरी अडचण यानंतरची. हे लक्षण विषमज्वराचे म्हणून इतके पाठ झालेले आहे की घरच्यांनीही मोबाइलवर तेच वाचले होते. पत्नीचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टर, नाडी मंद म्हणजे टायफॉइडच ना?” प्रत्यक्षात विषमज्वराच्या बऱ्याच रुग्णांत ते दिसतच नाही, आणि डेंग्यूत, काही प्रकारच्या न्यूमोनियात, स्क्रब टायफसमध्येही ते दिसू शकते. निदानाचा काटा त्याने थोडासा हलतो, पण निदान होत नाही.

पहिला निर्णय: अँटिबायोटिक सुरू करायचे का?

डॉक्टरांपुढे तीन वाटा होत्या. विषमज्वर धरून लगेच अँटिबायोटिक सुरू करणे. विडाल चाचणी करून तिच्यावर ठरवणे. किंवा डेंग्यूची एनएस१ चाचणी आणि ब्लड कल्चर एकदमच पाठवून, तब्येत स्थिर आहे तोवर अँटिबायोटिकशिवाय थांबणे.

विडाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फारशी कामाची नसते. ती शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये मोजते आणि ती वाढायला साधारण आठवडा लागतो. शिवाय जुना संसर्ग, पूर्वीची लस किंवा दुसराच एखादा ताप यामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. तरीही घरच्यांनी परस्पर जवळच्या लॅबमध्ये ती करून घेतली आणि ती किंचित पॉझिटिव्ह आली. या प्रकरणात वेळ आणि चर्चा सर्वांत जास्त खाल्ली ती याच कागदाने.

डॉक्टरांनी तिसरी वाट धरली. ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घेतले तरच त्याचा पुरता उपयोग होतो, आणि विषमज्वराचे जंतू रक्तात सापडण्याची शक्यता पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते. म्हणून रक्त तेव्हाच घेतले. तिसऱ्या दिवशी एनएस१ पॉझिटिव्ह आली. त्या दिवशीच्या रक्तात पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट १ लाख १८ हजार, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४०.८ टक्के. रक्तदाब ११८/७२.

रुग्ण पाणी पीत होता, लघवी नीट होत होती, उलटी नव्हती, म्हणून घरीच ठेवले. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांत किमान सहा तास आणि दिवसाला तीन ग्रॅमच्या आत. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅक अजिबात नाही, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. पत्नीला एक तक्ता आखून दिला. त्यात दर चार तासांनी एकाच ओळीत पाच गोष्टी लिहायच्या होत्या: वेळ, ताप, नाडी, शेवटची गोळी किती वाजता, शेवटची लघवी किती वाजता. पुढे सगळे या तक्त्याने सांभाळले.

दुसरा निर्णय: पाचव्या दिवशीचा ‘नॉर्मल’ आकडा

चौथ्या रात्री घाम फुटून ताप उतरला. पाचव्या दिवशी सकाळी सातची ओळ अशी होती: ताप ९९.२, नाडी ९४, शेवटची लघवी रात्री बारा. घरात सुटकेचा नि:श्वास. धाकट्या भावाने दवाखान्यात फोन करून ताप आणि नाडी दोन्ही सांगितले. फोनवर उत्तर मिळाले, “ताप गेलाय, नाडी ९४ म्हणजे नॉर्मल आहे. दुपारी दाखवायला आणा.”

६० ते १०० या चौकटीत ९४ बसतो, हे खरे. पण ज्या माणसाची नाडी १०३ तापातही ७४ च राहिली, त्याची ताप उतरल्यावर ती ६५-७० वर यायला हवी होती. ती उलट २० ने वाढली होती. ताप आणि नाडी एकत्र खाली येत असतील तर बरे. ताप खाली आणि नाडी वर अशी कात्री दिसली, तर डेंग्यूत आधी एकच गोष्ट मनात यायला हवी: रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागला आहे.

डेंग्यूचा धोक्याचा काळ बहुतेकदा ताप उतरतानाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आणि २४ ते ४८ तास टिकतो. रक्तातले पाणी पोटात आणि छातीत उतरते, उरलेले रक्त घट्ट होते, आणि हृदय कमी रक्तावर भागवायला भराभर चालते. तापात जिची नाडी मंद असते अशा व्यक्तीत हा भराभरपणा झाकला जातो, कारण वाढून वाढून ती ‘नॉर्मल’ च्या चौकटीत येते. मंद नाडी स्वतः धोकादायक नव्हती. तिच्यामुळे नंतरची वाढ ओळखणे अवघड झाले, हा तिचा खरा उपद्रव.

तक्त्यातली लघवीची जागा पाहून पत्नीला शंका आली. बारानंतर सात तास लघवी झाली नव्हती, आणि रुग्ण बेंबीच्या वर पोट दुखते म्हणत होता. सकाळपासून दोन उलट्याही झाल्या. दुपारपर्यंत न थांबता ती त्याला नऊ वाजता घेऊन गेली. तपासणीत हात गार लागत होते. अंगठ्याचे नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला जवळपास तीन सेकंद लागले. रक्तदाब १०४/८०.

वरचा आकडा १०४ असल्याने हाही रक्तदाब कुणाला ‘ठीक’ वाटेल. पाहायचे ते दोन आकड्यांमधले अंतर. तिसऱ्या दिवशी ते ४६ होते, आता २४ उरले. हे अंतर २० किंवा त्याखाली आले की डेंग्यूचा शॉक धरतात, मग वरचा आकडा कितीही चांगला दिसो. हिमॅटोक्रिट ४०.८ वरून ४७.६ झाले होते, म्हणजे १७ टक्के वाढ. २० टक्के वाढ ही मोठ्या गळतीची खूण मानतात. प्लेटलेट ५४ हजार.

रुग्णाला लगेच दाखल केले. रिंगर लॅक्टेटचे सलाईन तासाला किलोमागे ५ मिली या हिशेबाने सुरू झाले, म्हणजे पहिल्या तासात ३४० मिली. दुसऱ्या तासाअखेर रक्तदाबातले अंतर ३२ वर आले, लघवी झाली, आणि वेग तासाला २०० मिलीवर आणला. सहा तासांनी हिमॅटोक्रिट ४४. नाडी ९४ वरून ८२. त्यानंतर प्रत्येक तपासणीला वेग आणखी कमी करत नेला आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी सलाईन पूर्ण बंद केले. त्या दिवशी प्लेटलेट ३८ हजारांवर होत्या. नातेवाइकांनी प्लेटलेट चढवण्याचा आग्रह धरला. कुठेही रक्तस्राव नव्हता, त्यामुळे चढवल्या नाहीत.

तिसरा निर्णय: बरे होताना ४४

सातव्या दिवशी सकाळी नाडी ५४. भूक लागली होती, पाय आणि दंडांवर लाल चट्टे उठून त्यांत पांढरे ठिपके दिसत होते, खाज सुटली होती. ही सगळी डेंग्यू उतरणीला लागल्याची चिन्हे. रात्री झोपेत स्मार्टवॉचने धोक्याची सूचना दिली: दहा मिनिटे नाडी ४० च्या खाली. परिचारिकेने हाताने मोजली तेव्हा ४४ भरली. वॉर्डात धावपळ झाली.

इथे पुन्हा तीन वाटा समोर आल्या. नाडी वाढवायला अ‍ॅट्रोपिन देणे आणि अतिदक्षता विभागात हलवणे. “रक्त कमी पडत असेल” म्हणून सलाईन पुन्हा चालू करणे. किंवा मंद नाडीचे कारण तपासून, त्रास नसेल तर फक्त लक्ष ठेवणे.

सलाईनची वाट सर्वांत घातक ठरली असती. या टप्प्यावर पोटात आणि छातीत झिरपलेला द्रव परत रक्तात येत असतो. रक्ताचे आकारमान आपोआप वाढते, हिमॅटोक्रिट उतरते, लघवी भरपूर होते. त्यात वरून सलाईन ओतले तर फुप्फुसांत पाणी साचून दम लागतो. द्रव कमी पडला असता तर नाडी वेगवान झाली असती, मंद नव्हे. हा साधा तर्क रात्री दोन वाजता सुचतोच असे नाही, म्हणून तो लिहून ठेवण्यासारखा आहे.

डेंग्यूतून बरे होताना नाडी काही दिवस ५० च्या घरात किंवा झोपेत त्याहूनही खाली जाणे नेहमीचे आहे. तरी हृदयाच्या स्नायूला सूज किंवा ठोक्यांच्या वहनात अडथळा नाही ना, हे पाहावे लागते. ईसीजी काढला: ठोके मिनिटाला ४६, सगळे योग्य जागेवरून निघणारे, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जायला लागणारा वेळ ०.१८ सेकंद, म्हणजे ०.२० च्या आत. पोटॅशियम ४.१. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिनही वाढलेले नव्हते. मग सर्वांत स्वस्त तपासणी केली. त्याला उठवून, आधी निजलेला आणि मग उभा असताना रक्तदाब घेतला: ११२/७० आणि ११०/७२. चक्कर नाही. कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारायला लावल्या, तर नाडी ४८ वरून ८२ झाली. गरज पडताच ठोके वाढवू शकणारे हृदय झोपेत मंद चालत असेल, तर त्याला औषधाने हाकण्याचे कारण नाही.

अ‍ॅट्रोपिन दिले नाही. मात्र कागदावर मर्यादा लिहून ठेवल्या: जागेपणी नाडी ४० च्या खाली, घेरी किंवा शुद्ध हरपणे, ठोके अनियमित लागणे, दम, छातीत दुखणे, किंवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली. यांतले काहीही झाले तर पुन्हा ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञ. नवव्या दिवशी, ताप नसल्याला चार दिवस झाल्यावर, सलाईनविना हिमॅटोक्रिट ४० वर स्थिर आणि प्लेटलेट ९२ हजार असताना त्याला घरी सोडले.

घरी गेल्यावरचे आकडे

दहाव्या दिवशी फोन आला: ऑक्सिमीटरवर नाडी ३८ आणि ऑक्सिजन ८४. रुग्ण मात्र पलंगावर बसून गप्पा मारत होता. विचारल्यावर कळले की ऑक्सिमीटर डाव्या बोटाला होता आणि त्याच डाव्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगत होता. पट्टा फुगला की बोटातला रक्तप्रवाह तुटतो आणि यंत्राला वाचायला ठोकाच मिळत नाही. पट्टा काढून, दुसऱ्या हाताचे बोट चोळून गरम करून पुन्हा लावल्यावर नाडी ५६ आणि ऑक्सिजन ९८ आला.

त्यानंतर घरच्यांना मोजण्याची एकच रीत ठरवून दिली. सकाळी उठल्यावर, पलंगावरून उतरण्याआधी, पाच मिनिटे शांत पडून नाडी पाहायची. ऑक्सिमीटर लावल्यावर पहिला आकडा धरायचा नाही. ठोक्यांची पट्टी समान उंचीने हलू लागेपर्यंत, साधारण अर्धा ते एक मिनिट थांबायचे. आकडा ५० च्या खाली किंवा १०० च्या वर आला तर मनगटावर बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजायचे. १५ सेकंद मोजून चारने गुणायचे नाही, कारण एक ठोका चुकला तर चारचा फरक पडतो, आणि मधूनच ठोका गळत असेल तर तो कळतच नाही. घड्याळाचा रात्रीचा सर्वांत कमी आकडा पाहायचाच नाही. पाहायचा तो सकाळचा आकडा, आणि तोही आठवड्याच्या ओळीत.

चौदाव्या दिवशी तक्रार उलटी आली: एक जिना चढला की नाडी १२८. दोन आठवडे अंथरुणात काढलेल्या शरीराला जिना जड जातो. विश्रांतीनंतर पाच मिनिटांत ती ७० च्या आसपास येत होती, दम किंवा छातीत दुखणे नव्हते, म्हणून हालचाल टप्प्याटप्प्याने वाढवायला सांगून पुढची भेट ठरवली.

परिणाम

ब्लड कल्चरमध्ये पाच दिवसांत काहीही वाढले नाही. विडालच्या जोरावर सुरू झाले असते ते अँटिबायोटिक अखेर लागलेच नाही. सकाळची नाडी अकराव्या दिवशी ५५, सोळाव्या दिवशी ६०, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ६३. त्या वेळी काढलेला ईसीजी निर्दोष होता.

वेगळे काय करता आले असते

चौथ्या दिवशी रक्त तपासलेच नव्हते. तिसऱ्यानंतर थेट पाचव्या दिवशीचा अहवाल आला. त्या मधल्या दिवशी हिमॅटोक्रिट चढू लागले असते तर फोनवरच्या ९४ ला कुणी ‘नॉर्मल’ म्हटले नसते. ताप उतरण्याच्या सुमारास रोजची तपासणी चुकवू नये.

फोनवर नाडी ऐकणाऱ्याने एक प्रश्न विचारायला हवा होता: काल तापात किती होती? आकडा सांगणाऱ्यानेही एकटा आकडा न सांगता मागच्या दोन ओळी वाचून दाखवायला हव्या होत्या. दवाखान्याने पुढे आपल्या फोनच्या नोंदवहीत ‘आधीची नाडी’ असा रकाना घातला.

निदान विषमज्वराचे निघाले असते तर याच तक्त्याचे वाचन बदलले असते. योग्य अँटिबायोटिक सुरू झाल्यावरही ताप उतरायला तीन ते पाच दिवस, कधी त्याहून जास्त लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून औषध बदलण्याची घाई करायची नसते. आणि तिथे कात्री दिसण्याचा धोका साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असतो. ताप एकाएकी खाली, मंद असलेली नाडी एकाएकी वर, पोट ताठ किंवा शौचातून रक्त, असे दिसले तर आतड्याला भोक पडले किंवा आत रक्तस्राव सुरू झाला असे धरून त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते.